वेन आकृती वाचणे आणि भरणे : एका शाब्दिक उदाहरणाचा उलगडा

४.१ प्रास्ताविक

मागील घटकात आपण संच, उपसंच, संयोग संच, छेद संच आणि पूरक संच या संकल्पनांचा परिचय करून घेतला. (‘घटक’ हा शब्द या पुस्तिकेत दोन अर्थांनी येतो. पुस्तिकेचा घटक म्हणजे पाठ आणि संचाचा घटक म्हणजे संचात मोडणारी व्यक्ती किंवा वस्तू. संदर्भावरून अर्थ ध्यानी येईल.) यांपैकी बराचसा भाग तुम्ही नववीच्या गणितात वाचलेला असेल. प्रस्तुत घटकात नवी संकल्पना नाही. एकच शाब्दिक उदाहरण आपण शेवटपर्यंत सोडवणार आहोत आणि ते सोडवताना वाक्यातील कोणता शब्द आकृतीतील कोणत्या भागाकडे बोट दाखवतो, याकडे लक्ष देणार आहोत. मराठीच्या विद्यार्थ्याला हा पाठ परका वाटण्याचे कारण नाही. अशा उदाहरणांत बेरीज-वजाबाकी पाचवीच्या पातळीची असते. चूक होते ती बहुधा वाक्य वाचण्यात.

४.२ उदाहरण आणि आकृतीचे छायाचित्र

धाराशिव जिल्ह्याच्या उमरगा तालुक्याला कर्नाटकाची हद्द लागून आहे. १९५६ च्या राज्यपुनर्रचनेपूर्वी हा सारा मुलूख हैदराबाद राज्यात होता. त्या राज्यात मराठी, कन्नड आणि तेलुगू या तीन मोठ्या लोकभाषा होत्या आणि निजामाच्या राजवटीत सरकारी कारभाराची भाषा उर्दू होती. त्यामुळे घरात मराठी बोलणाऱ्या माणसाला आणखी एखाददुसरी भाषा येणे ही इकडे नवलाची गोष्ट नाही. पुढील उदाहरण या परिस्थितीवर बेतलेले आहे. त्यातील आकडे मात्र सरावासाठी कल्पिलेले आहेत.

उदाहरण : धाराशिव जिल्ह्यातील एका अभ्यासकेंद्रात मराठी विषय घेतलेले १२० विद्यार्थी आहेत. मराठीखेरीज कोणत्या भाषा बोलता येतात, असे त्यांना विचारण्यात आले. ४७ जणांना कन्नड, ५२ जणांना उर्दू आणि २८ जणांना तेलुगू बोलता येते. कन्नड व उर्दू या दोन्ही भाषा २० जणांना, उर्दू व तेलुगू या दोन्ही १५ जणांना आणि कन्नड व तेलुगू या दोन्ही ११ जणांना बोलता येतात. तिन्ही भाषा बोलता येणारे ६ जण आहेत. तर प्रत्येक गटात किती विद्यार्थी आहेत?

समजा, या उदाहरणाची आकृती एका विद्यार्थिनीने वर्गातील फळ्यावरून भ्रमणध्वनीवर टिपली आहे आणि ते छायाचित्र तुमच्यापर्यंत आले आहे. त्यात एकमेकांत गुंतलेली तीन वर्तुळे दिसतात. वर डावीकडे कन्नडचे, उजवीकडे उर्दूचे आणि खाली तेलुगूचे. डाव्या वर्तुळाच्या बाहेर, काठालगत ‘क ४७’, उजव्याच्या काठालगत ‘उ ५२’ आणि खालच्या वर्तुळाखाली ‘त २८’ असे लिहिले आहे. तिन्ही वर्तुळे जिथे एकमेकांवर येतात त्या मधल्या जागेत ६ हा आकडा स्पष्ट आहे. उर्दू आणि तेलुगू यांच्यामधल्या जागेत खडूने काहीतरी लिहिलेले आहे. ते १ आहे की ९, हे ठरवता येत नाही. आणि वर्तुळांभोवती जी चौकट असायला हवी, तिची फक्त वरची रेघ दिसते. बाकीची चौकट छायाचित्राच्या बाहेर राहिली आहे.

आकृती भरण्याआधी ती नीट वाचावी लागते. वर्तुळाच्या बाहेर नावाशेजारी लिहिलेला आकडा संपूर्ण वर्तुळाचा असतो. ‘क ४७’ म्हणजे कन्नड येणारे सगळे, मग त्यांना आणखी काहीही येवो. याउलट वर्तुळाच्या आत लिहिलेला आकडा तो ज्या बंदिस्त जागेत आहे तेवढ्याच जागेचा असतो. ‘४७’ उचलून कन्नडच्या मोकळ्या भागात ठेवला, तर पुढचे सगळे गणित बिघडते. छायाचित्र तिरपे असेल किंवा आकडा नेमका रेघेवर आला असेल, तर तो आतला की बाहेरचा हे डोळ्यांनी ठरवू नये. उदाहरणाच्या वाक्याशी ताडून पाहावे.

चौकटीची गोष्टही किरकोळ नाही. ती चौकट म्हणजे विश्वसंच, आपल्या उदाहरणात १२० विद्यार्थी. ती छायाचित्रातून गळाली की तीन वर्तुळांत जे आहेत तेच सगळे, असा समज होतो आणि या तीन भाषांपैकी एकही न येणारे विद्यार्थी हिशेबातून निघून जातात. म्हणून आकृती वहीत उतरवून घेताना प्रथम चौकट काढावी.

४.३ आठ भाग

तीन वर्तुळांनी चौकटीचे आठ भाग होतात. कारण सोपे आहे. प्रत्येक विद्यार्थ्याला तीन प्रश्न विचारले : कन्नड येते का, उर्दू येते का, तेलुगू येते का? प्रत्येकाचे उत्तर ‘हो’ किंवा ‘नाही’. दोन गुणिले दोन गुणिले दोन, अशी आठ प्रकारची उत्तरे संभवतात आणि प्रत्येक विद्यार्थी त्यांपैकी एकाच प्रकारात बसतो. मधला एक भाग तिन्ही वर्तुळांचा. त्याला लागून तीन पाकळ्या. प्रत्येक पाकळी दोन वर्तुळांत असते आणि तिसऱ्याच्या बाहेर. त्यांच्या पलीकडे प्रत्येक वर्तुळाचा एकेक स्वतंत्र भाग. आणि आठवा भाग वर्तुळांच्या बाहेरचा, पण चौकटीच्या आतला.

वर्तुळे काढून तर्क मांडण्याची रीत जुनी आहे. लिओनार्ड ऑयलर या गणितज्ञाने एका जर्मन राजकन्येला लिहिलेल्या पत्रांत ती वापरली आणि ती पत्रे १७६८ पासून पुस्तकरूपाने प्रसिद्ध होऊ लागली. ऑयलरच्या आकृतीत दोन गटांत सामाईक कोणी नसेल, तर वर्तुळे वेगवेगळीच काढतात. इंग्रज तर्कशास्त्रज्ञ जॉन व्हेन याने १८८० मध्ये वेगळी पद्धत मांडली : सामाईक कोणी असो वा नसो, आधी सगळे भाग काढायचे आणि मग कोणत्या भागात काही नाही ते दाखवायचे. आपल्याकडे या पद्धतीला ‘वेन आकृती’ हे नाव रूढ झाले. शाब्दिक उदाहरण सोडवताना व्हेनची रीत सोयीची पडते, कारण सुरुवातीला कोणता भाग रिकामा आहे हे आपल्याला ठाऊक नसते. एखादा भाग रिकामा निघाला तर त्यात शून्य लिहावे. कोरी जागा आणि शून्य यांत फरक आहे : कोऱ्या जागेचा अर्थ ‘अद्याप मोजले नाही’ असा होतो.

४.४ आतून बाहेर भरणे

उदाहरणात आकडे बाहेरून आत येतात. आधी ४७, ५२, २८, मग जोड्या, शेवटी तिन्ही. भरताना मात्र उलट क्रम घ्यावा लागतो. याचे कारण असे की दिलेल्या आकड्यांपैकी ६ हा एकच आकडा एका भागाचा आहे. २० हा आकडा दोन भागांची बेरीज आहे आणि ४७ हा चार भागांची. एका भागाचा आकडा हाती असला की दोन भागांतून दुसरा मिळतो आणि तिन्ही पाकळ्या भरल्या की चार भागांतून उरलेला चौथा मिळतो.

तेव्हा प्रथम मध्यभागी ६ लिहा. आता कन्नड व उर्दू दोन्ही येणारे २० आहेत. या विसांत ते सहाही जण आलेच, कारण तिन्ही भाषा येणाऱ्याला या दोन भाषाही येतातच. म्हणून कन्नड-उर्दू पाकळीत २० वजा ६, म्हणजे १४. त्याच न्यायाने उर्दू-तेलुगू पाकळीत १५ वजा ६, म्हणजे ९. छायाचित्रातील पुसट आकड्याचा निकालही इथेच लागला. तो १ असता, तर उर्दू व तेलुगू येणारे १ आणि ६ मिळून ७ झाले असते आणि वाक्य तर १५ सांगते. देवनागरी १ आणि ९ फळ्यावर पुष्कळदा सारखे दिसतात. अशा वेळी डोळे ताणण्यापेक्षा वजाबाकी करून पाहणे बरे. तिसऱ्या, कन्नड-तेलुगू पाकळीत ११ वजा ६, म्हणजे ५.

आता वर्तुळांकडे या. कन्नडच्या वर्तुळात चार भाग आहेत. त्यांपैकी तीन भरले : १४, ६ आणि ५, बेरीज २५. म्हणून फक्त कन्नड येणारे ४७ वजा २५, म्हणजे २२. उर्दूच्या वर्तुळात १४, ६ आणि ९ मिळून २९ झाले. फक्त उर्दू येणारे ५२ वजा २९, म्हणजे २३. तेलुगूच्या वर्तुळात ९, ६ आणि ५ मिळून २०. फक्त तेलुगू येणारे २८ वजा २०, म्हणजे ८.

सातही भागांची बेरीज करा : २२, २३, ८, १४, ९, ५ आणि ६ मिळून ८७. इतक्या विद्यार्थ्यांना या तीनपैकी निदान एक भाषा येते. १२० मधून ८७ वजा केले की ३३ उरतात. हा आकडा चौकटीच्या कोपऱ्यात, वर्तुळांच्या बाहेर लिहायचा. छायाचित्रात जी जागा कापली गेली होती तिथे एकूण विद्यार्थ्यांपैकी चतुर्थांशाहून अधिक बसलेले आहेत.

तुम्हाला ठाऊक असलेले सूत्रही हेच सांगते :

n(क ∪ उ ∪ त) = ४७ + ५२ + २८ − २० − १५ − ११ + ६ = ८७

तीन वर्तुळे बेरजेत घेतली की पाकळीतला विद्यार्थी दोनदा आणि मधला तीनदा मोजला जातो. जोड्या वजा केल्या की पाकळीतला एकदाच उरतो, पण मधला तीनदा वजा होऊन पार नाहीसा होतो; म्हणून शेवटी ६ परत मिळवायचे. सूत्राने केवळ एकूण संख्या मिळते, आठ भाग मिळत नाहीत. ‘प्रत्येक गटात किती’ असा प्रश्न असेल, तर आकृतीला पर्याय नाही.

४.५ ‘दोन्ही’ आणि ‘दोनच’

अनेक विद्यार्थी कन्नड-उर्दू पाकळीत १४ ऐवजी २० लिहितात. ही चूक आळसाची नाही, भाषेच्या सवयीची आहे. ‘मला कन्नड आणि उर्दू येते’ असे कोणी म्हणाले, की त्याला तेलुगू येत नसावे असे आपण गृहीत धरतो. येत असते तर त्याने ते सांगितले असते, असा आपला व्यवहारातील तर्क असतो. तो व्यवहारात योग्यच आहे. परंतु वाक्याच्या अर्थात तो नाही. ‘दोन्ही’ या शब्दातील ‘ही’ केवळ समावेश करते; ती तिसऱ्याला वगळत नाही. वगळण्याचे काम मराठीत ‘च’, ‘फक्त’, ‘केवळ’, ‘नेमके’ हे शब्द करतात. ‘कन्नड व उर्दू या दोन्ही’ म्हणजे पाकळी आणि मध्य मिळून २०. ‘कन्नड व उर्दू या दोनच’ म्हणजे केवळ पाकळी, १४. ‘ही’ आणि ‘च’ ही एकाक्षरी अव्यये तुम्ही व्याकरणाच्या पुस्तिकेत पाहिली आहेत. इथे त्यांच्यातील अंतर सहा विद्यार्थ्यांचे आहे. ‘च’ कोठे जोडला आहे हेही पाहावे. ‘त्याला कन्नडच येते’ याने त्याला स्वतंत्र भागात बसवले. ‘त्याला कन्नड येतेच’ याने केवळ वर्तुळात असल्याची खात्री दिली.

आता पाकळ्यांत २०, १५ आणि ११ असे थेट लिहिले तर काय होते ते पाहू. तेलुगूच्या वर्तुळात १५, ६ आणि ११ मिळून ३२ होतात. वर्तुळात एकूण तर २८. म्हणजे फक्त तेलुगू येणारे उणे ४! ऋण संख्येचे विद्यार्थी नसतात, त्यामुळे चूक आपोआप उघडी पडते. परंतु ही आपली निव्वळ सुदैवाची गोष्ट. तेलुगू येणारे २८ ऐवजी ४० दिले असते, तर याच चुकीच्या वाटेने ८ असे सालस दिसणारे उत्तर आले असते आणि कोणाला संशयही आला नसता.

‘सर्व भागांची बेरीज १२० येते का’ हा ताळाही इथे कुचकामी आहे. बाहेरचा आकडा आपणच १२० मधून वजा करून काढलेला असतो, बेरीज जुळणारच. तीच गोष्ट वर्तुळांची. खरा ताळा वेगळा आहे. आकृती पूर्ण झाल्यावर उदाहरणातील प्रत्येक वाक्य पुन्हा वाचा, ते ज्या भागांविषयी बोलते त्यांवर बोट ठेवा आणि तेवढीच बेरीज करा. ‘कन्नड व उर्दू या दोन्ही भाषा २० जणांना’ : बोट पाकळीवर आणि मध्यावर. १४ आणि ६ मिळून २०, जुळले. चुकीच्या आकृतीत इथे २० आणि ६ मिळून २६ येतात आणि चूक सापडते, मग तेलुगूचा आकडा काहीही असो.

४.६ ‘किंवा’ आणि ‘नाही’

आकृती भरली की प्रश्नांची उत्तरे बेरजेने मिळतात, पण पुन्हा शब्द जपून वाचावे लागतात. ‘कन्नड किंवा उर्दू येणारे किती?’ चहा किंवा कॉफी विचारणारा यजमान दोन्ही देत नाही. संचाच्या भाषेत मात्र ‘किंवा’मध्ये दोन्ही येणारेही धरतात. म्हणून उत्तर ४७ अधिक ५२ वजा २०, म्हणजे ७९. ‘नेमक्या दोन भाषा’ येणारे तीन पाकळ्यांतले, १४, ९ आणि ५ मिळून २८. ‘निदान दोन’ म्हटले की मधले ६ मिळवून ३४. ‘जास्तीत जास्त एक’ येणाऱ्यांत पुष्कळजण २२, २३ आणि ८ एवढेच धरून ५३ लिहितात. ज्याला एकही येत नाही त्यालाही ‘जास्तीत जास्त एक’च येते, म्हणून ३३ मिळवून ८६. हे ८६ आणि आधीचे ३४ मिळून १२० होतात, कारण जो ‘निदान दोन’मध्ये नाही तो ‘जास्तीत जास्त एक’मध्ये असलाच पाहिजे.

सर्वांत फसवे वाक्य नकाराचे. ‘कन्नड आणि उर्दू येत नाही असे विद्यार्थी किती?’ याचे दोन अर्थ होतात. दोन्हींपैकी एकही येत नाही असा अर्थ घेतला, तर दोन वर्तुळांच्या बाहेरचे मोजायचे : फक्त तेलुगूचे ८ आणि कोपऱ्यातील ३३, एकूण ४१. दोन्ही एकत्र येत नाहीत असा अर्थ घेतला, तर २० जण सोडून उरलेले सगळे, म्हणजे १००. एका वाक्याची दोन उत्तरे आणि त्यांत ५९ विद्यार्थ्यांचा फरक! ‘नाही’ची व्याप्ती कुठवर, हा प्रश्न इथे उभा राहतो. ऑगस्टस डी मॉर्गन या गणितज्ञाच्या नावाने ओळखले जाणारे नियम याचाच उलगडा करतात. (त्यांचा जन्म १८०६ मध्ये मदुराईत झाला होता.) ‘कन्नड किंवा उर्दू’ या संपूर्ण गटाला नकार दिला की ‘कन्नड नाही आणि उर्दूही नाही’ असे होते, ‘कन्नड आणि उर्दू’ या गटाला नकार दिला की ‘कन्नड नाही किंवा उर्दू नाही’ असे होते. नकार आत शिरताना ‘आणि’चा ‘किंवा’ होतो आणि ‘किंवा’चा ‘आणि’. प्रश्न तयार करणाऱ्याने ‘दोन्हींपैकी एकही नाही’ असे स्पष्ट लिहावे, हे उत्तम. तसे लिहिलेले नसेल, तर आपण कोणता अर्थ घेतला ते उत्तरपत्रिकेत एका वाक्यात नोंदवावे.

४.७ मधला आकडा नसेल तर

समजा, छायाचित्रात मध्यावरच उजेडाची तिरीप पडली आहे, ६ दिसत नाही आणि उदाहरणातही तो दिलेला नाही. मग मध्यभागी क्ष लिहून सुरुवात करावी. पाकळ्या २० − क्ष, १५ − क्ष, ११ − क्ष अशा होतील. स्वतंत्र भाग क्रमाने १६ + क्ष, १७ + क्ष आणि २ + क्ष येतील. ते स्वतः पडताळून पाहा. सातही भागांची बेरीज ८१ + क्ष. आता कोपऱ्यातील ३३ हा आकडा ठाऊक असेल, तर ८१ + क्ष = ८७, म्हणून क्ष = ६.

परंतु चौकटही कापलेली असेल आणि ३३ हा आकडा कुठेच दिलेला नसेल, तर उदाहरण सुटत नाही. कोणताही भाग ऋण होता कामा नये एवढीच अट उरते. सर्वांत लहान जोडी ११ ची असल्याने क्ष ११ पेक्षा मोठा असू शकत नाही आणि ० पासून ११ पर्यंत कोणतीही संख्या चालते. बारा वेगवेगळ्या आकृत्या दिलेल्या सर्व वाक्यांशी जुळतात. अशा वेळी अंदाजाने एक आकडा बसवू नये. मूळ फळ्याचे किंवा पानाचे पूर्ण छायाचित्र मागवावे.

४.८ स्वाध्याय

पुढील प्रश्नांची उत्तरे वरील आकृतीवरून लिहा. प्रत्येक उत्तराआधी कोणते भाग मोजले ते नमूद करा.

१. कन्नड येते, पण उर्दू येत नाही, असे विद्यार्थी किती?
२. कन्नड किंवा उर्दू येते, पण तेलुगू येत नाही, असे किती?
३. ‘उर्दू आणि तेलुगू येत नाही’ या वाक्याचे दोन्ही अर्थ लिहा व दोन्ही उत्तरे काढा.
४. तिन्ही भाषा येणारे ६ ऐवजी ११ असतील आणि बाकी सर्व आकडे तेच राहतील, तर कोणत्या भागात शून्य येईल आणि कोपऱ्यात कोणता आकडा लिहावा लागेल?

उत्तरे : (१) २२ व ५ मिळून २७. (२) २२, १४ व २३ मिळून ५९. (३) दोन्हींपैकी एकही नाही : २२ व ३३ मिळून ५५, दोन्ही एकत्र नाहीत : १२० वजा १५, म्हणजे १०५. (४) कन्नड-तेलुगू पाकळीत शून्य; वर्तुळांत एकूण ९२, म्हणून कोपऱ्यात २८.